52 वजा 27 आणि पाटीवरचे 35

वाचकाचं पत्र: मी बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. ‘वर्तनवाद आणि ज्ञानरचनावाद यांतील फरक वर्गातील एका उदाहरणाने स्पष्ट करा’ हा प्रश्न मी सराव परीक्षेत दोन रकान्यांचा तक्ता काढून लिहिला. वर्तनवादासाठी पाढ्यांची घोकंपट्टी आणि ज्ञानरचनावादासाठी वर्गात भरवलेला बाजार अशी उदाहरणं दिली. 10 पैकी 4 गुण मिळाले आणि शेरा होता, ‘फरक दिसत नाही’. घोकंपट्टी आणि कृतियुक्त शिक्षण एवढा उघड फरक असताना आणखी काय दाखवायचं? आणि दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणात कशा बसवायच्या? — एक छात्राध्यापिका

तुमच्या तक्त्यातली वाक्यं बहुधा बरोबरच असतील. गडबड उदाहरणांनी केली आहे. पाढे हा पाठ करण्याचाच घटक आहे आणि बाजार हा करून बघण्याचाच. दोन वेगळ्या घटकांना दोन वेगळ्या उपपत्ती चिकटवल्या की तपासणाऱ्याला दिसतो तो घटकांमधला फरक. उपपत्तींमधला फरक दाखवायचा तर घटक एकच हवा, मूल एकच हवं, आणि शक्यतो त्या मुलाचं उत्तर चुकलेलं हवं. उत्तर बरोबर आलं की दोन्ही बाजू समाधानी असतात. मूल चुकतं तेव्हाच ‘हे असं का झालं आणि आता काय करायचं’ या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

म्हणून तिसरीचा वर्ग घ्या, घटक हातच्याची वजाबाकी. एका मुलाची पाटी अशी आहे:

83 − 21 = 62
96 − 54 = 42
52 − 27 = 35
64 − 38 = 34
40 − 16 = 36

पहिली दोन बरोबर, पुढची तीन चूक. पण या चुका अंदाजपंचे नाहीत. प्रत्येक घरात मुलाने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, मग मोठा अंक वर असो की खाली. 52 मधले 2 आणि 27 मधले 7 पाहून त्याने 7 मधून 2 काढले आणि 5 लिहिले. पहिली दोन उदाहरणं बिनहातच्याची, म्हणून तिथे हाच नियम खपून गेला. उत्तरपत्रिकेत ही पाटी अशीच उतरवा. वर्गातल्या या एका तपशिलाने पुढचं अर्धं काम होतं.

आता वर्तनवादी शिक्षक ही पाटी कशी वाचेल? इथे तुमचं पहिलं गृहीतक जरा तपासून पाहू. वर्तनवाद म्हणजे घोकंपट्टी किंवा छडी, असं पुष्कळजण लिहितात. पण वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरचा शिक्षेला विरोध होता. शिक्षेने वर्तन तेवढ्यापुरतं दबतं, नवं वर्तन त्यातून शिकलं जात नाही, असं तो म्हणे. त्याने 1953 मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला बसून जे पाहिलं, त्यातल्या दोन गोष्टी त्याला खटकल्या: उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नव्हतं, आणि सगळ्या वर्गाला एकाच वेगाने पुढे ढकललं जात होतं. त्याचा 1954 चा लेख आणि त्याची अध्यापनयंत्रं यांची मुळं त्या निरीक्षणात आहेत. थोडक्यात, वर्गातल्या रूढ शिकवण्यावर कडक टीका करणाऱ्यांत तोही होता.

या शिक्षकाच्या मते 35 हे उत्तर शिकवलं गेलेलं आहे. पहिली-दुसरीत मुलाने बिनहातच्याच्या असंख्य वजाबाक्या केल्या. दर वेळी ‘मोठ्यातून लहान काढ’ या प्रतिसादाला बरोबरची खूण मिळाली, म्हणजे प्रबलन मिळालं. थॉर्नडाइकच्या परिणामाच्या नियमाप्रमाणे ज्या प्रतिसादाचा परिणाम सुखद, तो पक्का होतो. मग 52 − 27 समोर आलं. मुलाच्या लेखी हे उद्दीपक जुन्यासारखंच दिसतं, म्हणून जुनाच प्रतिसाद बाहेर पडतो. दोष एवढाच की दोन प्रकारच्या उदाहरणांत भेद करणं, म्हणजे उद्दीपक-विभेदन, अजून झालेलं नाही. मुलाच्या डोक्यात काय कल्पना आहे याची चौकशी या स्पष्टीकरणाला लागत नाही, आणि ते तरीही पुरेसं नेमकं आहे. ही गोष्ट उत्तरात न कचरता लिहा.

उपायही तितकाच नेमका. आधी अपेक्षित वर्तन मोजता येईल असं लिहायचं: ‘हातच्याच्या 10 उदाहरणांपैकी किमान 8 उदाहरणं विद्यार्थी 10 मिनिटांत अचूक सोडवील.’ मग कृतीचे तुकडे पाडायचे. एककाच्या घरात वरचा अंक लहान आहे का ते पाहणं, असल्यास दशकाचा अंक खोडून एकाने कमी लिहिणं, एककाच्या अंकाआधी 1 मांडणं, एकक वजा करणं, दशक वजा करणं. पहिल्या तुकड्यासाठी मुलाला 12 उदाहरणं द्यायची, पण एकही सोडवायला सांगायचं नाही. ज्यांत हातचा लागेल त्यांना फक्त गोल करायचा. विभेदनाचा सराव म्हणतात तो हा. पुढच्या कागदावर प्रत्येक अंकाच्या डोक्यावर रिकामी चौकट छापलेली, म्हणजे खोडून कुठे लिहायचं ते आपोआप सुचतं. त्यापुढच्या कागदावर चौकट फिकट, मग नाहीशी. सुरुवातीला प्रत्येक उदाहरणानंतर लगेच ‘बरोबर’, नंतर तीन-चार उदाहरणांतून एकदा. अशा अधूनमधून मिळणाऱ्या प्रबलनाने वर्तन जास्त टिकतं.

हे करताना बिघडतं कुठे, तेही लिहा. सलग दोन दिवस फक्त हातच्याचीच उदाहरणं दिली की मूल सगळीकडे हातचा घ्यायला लागतं. 83 − 21 मध्ये 8 चे 7 करतं, 3 चे 13, आणि उत्तर लिहितं 512. उत्तर मूळ संख्येहून मोठं झालं, हे त्याला खटकत नाही. वर्तनवादी शिक्षक याला अतिसामान्यीकरण म्हणेल आणि दोन्ही प्रकारची उदाहरणं मिसळून देईल. बहुतेकदा तेवढ्याने 512 जातंही. ‘खटकत का नाही’ हा प्रश्न मात्र त्याच्या चौकटीत फारसा उभा राहत नाही. नेमका तोच प्रश्न दुसऱ्या बाजूचा पहिला प्रश्न आहे.

ज्ञानरचनावादी शिक्षिका त्याच पाटीवर उपाय करण्याआधी मुलाला विचारते, ‘हे कसं केलंस ते सांग बघू.’ मूल म्हणतं, ‘मोठ्यातून लहान काढायचं असतं ना.’ तिच्या दृष्टीने तो मुलाने आपल्या अनुभवातून स्वतः बांधलेला नियम आहे. असा नियम कुठल्याही शिक्षकाने सांगितलेला नसतो. ‘लहानातून मोठं जात नाही’ असं मात्र वर्गात सर्रास सांगितलं जातं, आणि मूल त्याचा आपल्यापुरता अर्थ लावतं. त्या नियमात 52 ही एक संख्या उरतच नाही. तिथे असतात शेजारी उभे असलेले दोन सुटे अंक, 5 आणि 2. पियाजेच्या भाषेत मुलाने नवं उदाहरण जुन्या बोधरचनेत बसवून घेतलं, म्हणजे सात्मीकरण केलं. बोधरचनाच बदलण्याची, म्हणजे समायोजनाची, गरज त्याला भासली नाही, कारण काही अडलंच नाही.

म्हणून शिक्षिका अडेल असं काहीतरी समोर ठेवते. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी, असे 52 रुपये मुलाच्या हातात. दुकानदाराला 27 द्यायचे. मूल दोन नोटा देतं, हातात उरतात 32. आता सात सुटे हवेत आणि आहेत दोनच. ‘दोनातून सात’ उलटं फिरवून ‘सातातून दोन’ करण्याची सोय इथे नाही, कारण ती सात नाणी हातात नाहीतच. गटातलं कुणीतरी म्हणतं, एक नोट मोडून आण. दहा नाणी आली, बारा झाली, सात दिली, पाच उरली, नोटा दोन. म्हणजे 25. शेजारची मुलगी वेगळंच करते: 27 वरून 30 ला तीन, 30 वरून 50 ला वीस, 50 वरून 52 ला दोन, मिळून 25. तिला हातचा लागलाच नाही. शिक्षिका तिला थांबवत नाही. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडते आणि दोन्हींनी 25 च का आले, हे वर्गालाच विचारते.

इथे तुमच्या उत्तरात एक तपशील घातलात तर तो इतरांपेक्षा वेगळा दिसेल. बोधात्मक संघर्ष उभा केला की मूल आपोआप शिकतं, असं पुस्तकी उत्तरांत असतं. वर्गात अनेकदा मूल शांतपणे सांगतं, ‘पैशांत 25 येतात, पाटीवर 35 येतात.’ त्याच्यासाठी पैशांचा व्यवहार आणि पाटीवरचं गणित ही दोन वेगळी जगं आहेत, आणि दोन्ही उत्तरं आपापल्या जागी ठीक आहेत. संघर्ष शिक्षिकेला दिसतो, मुलाला नाही. अशा वेळी ‘35 चूक आहे’ असं सांगून टाकलं की पुन्हा पहिल्या उपपत्तीत शिरलो. ती विचारते, ‘दुकानदाराने 27 परत केले, तर तुझ्याकडे पुन्हा किती व्हायला हवेत? मग 35 आणि 27 मिळवून बघ.’ येतात 62. बावन्न रुपये घेऊन निघालेल्याकडे बासष्ट कुठून आले? आता कोडं मुलाचं स्वतःचं झालं. तिथून ‘5 दशक 2 एकक म्हणजेच 4 दशक 12 एकक’ ही कल्पना घडते, आणि खोडून 4 लिहिणं ही नोट मोडल्याची नोंद ठरते. पाटीवर अखेर तेच 4 आणि तेच 12 येतात, जे वर्तनवादी शिक्षकाच्या वर्गात आले होते. तिथे ते पाचांपैकी दोन पायऱ्या होते, इथे ते एका घडलेल्या गोष्टीचं लेखन आहे.

पियाजे आणि वायगॉट्स्की यांना एकाच वाक्यात कोंबू नका, कारण हेच उदाहरण दोघांना वेगळं करून दाखवतं. 62 पाहून मुलाचा स्वतःचा तोल जातो आणि तो सावरताना रचना बदलते, यावर पियाजेचा भर. ‘नोट मोडून आण’ हे गटातलं वाक्य आणि ‘मग मिळवून बघ’ हा शिक्षिकेचा प्रश्न यांच्या आधाराने मूल एकट्याच्या आवाक्याबाहेरचं काम करतं आणि पुढे तो प्रश्न स्वतःच स्वतःला विचारू लागतं, यावर वायगॉट्स्कीचा. समीपस्थ विकास क्षेत्र ही संज्ञा इथे वापरा. आधार देण्याला स्कॅफोल्डिंग हे नाव मात्र वायगॉट्स्कीचं नाही. ते वूड, ब्रूनर आणि रॉस यांच्या 1976 च्या लेखातून रूढ झालं. उत्तरपत्रिकांत ही गल्लत फार दिसते.

आता तुमचं दुसरं गृहीतक, ज्ञानरचनावाद म्हणजे कृतियुक्त शिक्षण. महाराष्ट्रात हा समज पसरायला कारणही आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला, साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळांचं काम पाहायला शिक्षक लांबून येऊ लागले, आणि पुष्कळ जिल्हा परिषद शाळांच्या फरशांवर तक्ते रंगले, काड्यांचे गठ्ठे आले. यात गैर काही नाही. पण शिक्षकाने ‘सगळ्यांनी एक गठ्ठा सोडा, सात काड्या बाजूला ठेवा, उरलेल्या मोजा, लिहा’ असं सांगितलं, तर काड्या हातात असूनही तो पाठ आज्ञा आणि प्रतिसादाचाच आहे. उलट, कोऱ्या फळ्यावर फक्त 35 आणि 25 लिहून ‘दोन्ही बरोबर असू शकतात का?’ असं विचारलं, तर एकही साहित्य न वापरता पाठ ज्ञानरचनावादी होतो. साहित्यावरून उपपत्ती ओळखू नये. गठ्ठा सोडायचा हे ठरवलं कुणी, ते पाहावं.

मूल्यमापनाचा मुद्दा अनेकजण एका ओळीत उरकतात, पण गुण मिळवून देणारी जागा तीच. वर्तनवादी शिक्षकासाठी 10 पैकी 8 हा शिकल्याचा पुरावा आहे, कारण शिकणं म्हणजेच वर्तनातला बदल. आपल्या पाटीवाल्या मुलाला 10 पैकी 8 बिनहातच्याची उदाहरणं असलेला कागद दिला, तर ते जुन्याच नियमाने 8 गुण मिळवून पुढे जाईल. असं प्रत्यक्ष घडल्याची नोंद आहे. अमेरिकेत वर्तनवादी आखणीच्या, स्वयंगतीने शिकवणाऱ्या एका गणित कार्यक्रमात बेनी नावाने ओळखला जाणारा सहावीतला 12 वर्षांचा मुलगा चांगली प्रगती करत होता. पुढच्या टप्प्यावर जायला 80 टक्के गुण लागत आणि ते त्याला मिळत. एर्लवॅंगर या संशोधकाने त्याच्याशी बोलून 1973 मध्ये जे प्रसिद्ध केलं, त्यात बेनी .3 + .4 चं उत्तर .07 देत होता आणि असे कितीतरी नियम त्याने स्वतः बनवले होते. उत्तरसूचीशी जुळलं नाही की तो दुसरा नियम लावून बघे. त्याच्यालेखी गणित म्हणजे कुणीतरी ठरवलेले, एकमेकांशी संबंध नसलेले नियम. ज्ञानरचना तिथेही चालूच होती, फक्त तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वर्तनवादावरची टीका म्हणून हे एक उदाहरण ‘यांत्रिक आहे, मानवी मनाचा विचार करत नाही’ या ठोकळेबाज ओळींपेक्षा फार वजनदार ठरेल.

ज्ञानरचनावादी शिक्षिका हाच घटक तपासताना 402 − 167 देईल, जिथे दशकाच्या घरात शून्य आहे आणि पाठ केलेली पायरी पुरत नाही. किंवा 52 − 27 वर स्वतःचं शाब्दिक उदाहरण करायला सांगेल. किंवा ‘एका मुलाचं उत्तर 35 आलं, त्याने काय विचार केला असेल?’ असं विचारेल. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या मुलाकडून ती चूक परत होण्याची शक्यता कमी, पण हे तपासायला वेळ लागतो, आणि गुण देताना दोन शिक्षकांचं एकमत होईलच असं नाही. ही मर्यादा लपवू नका.

मर्यादा आणखीही आहेत. 40 मुलांच्या वर्गात प्रत्येकाला ‘कसं केलंस’ विचारणं एका तासात होत नाही. ज्या मुलाला 12 मधून 7 काढायला बोटं मोजावी लागतात, त्याचं सगळं लक्ष त्या मोजण्यात खर्च होतं आणि नोट मोडण्यामागचं तत्त्व निसटून जातं. नवशिक्या विद्यार्थ्याला कमीत कमी मार्गदर्शनावर सोडलं तर स्मृतीवर असा ताण येतो आणि शिकणं घटतं, ही टीका किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये केली. तिला उत्तर देताना बहुतेक ज्ञानरचनावादी म्हणतात की आमची शिक्षिका मुलाला वाऱ्यावर सोडत नाही. आपल्या उदाहरणातली शिक्षिकाही सोडत नाही. 62 पर्यंत मुलाला तिच्याच प्रश्नाने आणलं.

मग शेवटी ‘दोन्हींचा समन्वय हवा’ लिहायचं का? हे वाक्य प्रत्येक पेपरात असतं आणि त्याला गुण क्वचितच मिळतात. लिहायचंच तर कशाचा समन्वय ते सांगा. तंत्रं एकत्र नांदू शकतात. 18 पर्यंतच्या संख्यांतून एक अंकी संख्या झटकन वजा करता येण्यासाठी रोजचा पाच मिनिटांचा सराव आणि लगेच तपासणी, आणि 4 दशक 12 एकक समजण्यासाठी नोटा, चर्चा, 62 चं कोडं, असं एकाच आठवड्यात करता येतं. चांगले शिक्षक करतातच. पण ज्ञान म्हणजे काय, यावरची दोन उत्तरं एकत्र होत नाहीत. एकाच्या मते ज्ञान म्हणजे योग्य उद्दीपकाला मिळणारा योग्य प्रतिसाद, बाहेरून घडवता येणारा. दुसऱ्याच्या मते ते मुलाने आतून रचलेलं असतं, आणि शिक्षक ते देऊ शकत नाही, फक्त रचायला प्रसंग देऊ शकतो. 35 हा आकडा पहिल्यासाठी पुसून टाकायचा प्रतिसाद आहे, दुसऱ्यासाठी मुलाच्या विचाराचा कागदावर उमटलेला भाग. मला विचाराल तर तुमच्या उत्तराचा कणा हे वाक्य असावं, आणि तक्ता काढायचाच असेल तर तो याच्या खाली, तीनच ओळींचा: चूक होण्याचं कारण, शिक्षकाची पुढची कृती, शिकल्याचा पुरावा. प्रत्येक ओळीत 52 − 27 दिसलं पाहिजे.

तुमच्यासारखाच घोळ विज्ञान किंवा भाषा पद्धतीच्या विद्यार्थ्यांचाही होतो. त्यांनी वजाबाकीच घ्यावी असं नाही, पण चूक नियमबद्ध असावी. ‘जड वस्तू आधी पडते’ हे उत्तर चालेल, भाषेत ‘मी पाणी पिलो’ हे चालेल, कारण दोन्हींमागे मुलाने बनवलेला नियम आहे. निव्वळ विसरल्यामुळे झालेली चूक, उदाहरणार्थ राजधानीचं नाव न आठवणं, घेऊ नका. तिथे ज्ञानरचनावादाला बोलायला काही उरत नाही आणि तुलना एकतर्फी होते.

एक छोटी सूचना संज्ञांबाबत. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे. आपल्या उदाहरणात ‘सलग पाच बरोबर आली तर आजचा घरचा अभ्यास माफ’ हे ऋण प्रबलन झालं, कारण नको असलेली गोष्ट काढून घेतल्याने वर्तन वाढतं. ‘चुकलं तर दहा वेळा लिही’ ही शिक्षा झाली. आणि वेळ कमी पडला तर पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकची मांजर, स्किनरचा उंदीर यांची वर्णनं आधी गाळा. प्रश्न वर्गातल्या उदाहरणाचा आहे, तिथे पाटीवरच्या पाच ओळी त्या तिघांपेक्षा जास्त उपयोगी पडतील.